ड्रिफ्ट खाली येईना

दीपमाला एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. लॅबमध्ये स्टूल होतं, चांगलं उंच, फिरतं. त्यावर तिची पर्स बसायची आणि ती उभी. बाटलीचं झाकण उघड, लाव, पुन्हा उघड. खिडकीपाशी जा, परत ये. मी तिच्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर नमुन्यांना लेबलं लावायचो. दिवसभर ती माझ्या डोळ्यांपुढून इकडून तिकडं जायची, आणि मला गरगरायला व्हायचं. "बस ना वो बाप्पा एका जागी," असं मी रोज म्हणायचो. ती रोज म्हणायची, "बसली की मले भेव वाटते, घनश्यामभाऊ." कशाचं भेव, ते तिलाही सांगता यायचं नाही.

मारेगाव तालुक्यातली पोरगी. बाप नागोराव जिनिंगमध्ये गाठी बांधायला जायचा, आई तुळसाबाई दुसऱ्यांच्या वावरात. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन वणीच्या कॉलेजात तिला बीएस्सी केलं. गावच्या बौद्धवाड्यातली पहिली केमिस्ट म्हणून विहारात तिचा सत्कार झाला होता. त्या सत्काराचं ओझं घेऊनच ती यवतमाळात आली असावी. कारण आपल्या हातून चूक झाली तर अख्खा मोहल्ला तोंडावर पडेल, अशा बेतानं ती काम करायची. आणि एवढं जपूनही तिच्या हातून एक चूक झालीच. तीच सांगतो.

आमची फॅक्टरी एमआयडीसीत, फवारणीचं औषध बनवणारी. ते दिवस कापसाच्या वाईट फेऱ्याचे. बीटी बियाणं आलं आणि बोंडअळीच्या औषधाचा खप बसला. मावा-तुडतुड्यांचं एक औषध तेवढं चालत होतं, त्याच्यावर आमचं पोट. अकोल्याचे मालक येत-जात माणसं मोजायचे. कोणाला काढता येईल, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. सगळे अंग चोरून वागत होते.

या औषधाला पाण्याचं वावडं. तेलकट औषध, त्यात पाणी शिरलं की पडल्या पडल्या ते सडतं, जोर जातो. म्हणून प्रत्येक घाण पॅक व्हायच्या आधी तिच्यात पाणी किती ते तपासायचं. आम्ही बॅचला घाण म्हणतो, तेलघाण्यातल्यासारखं. ते तपासायचं मशीन म्हणजे केएफ. एक काचेचं भांडं, वरून बंद. त्यात मिथेनॉल फिरत असतं आणि एक पिवळट औषध थेंबाथेंबानं पडतं. हे पिवळट औषध पाण्यालाच खातं. नमुना घातला, की किती औषध लागलं त्यावरून पाणी किती ते मशीन सांगतं. त्याला गंधकाचा उग्र वास. दीपमालाच्या ओढणीला तो कायम चिकटलेला.

त्या जुलैत झड लागली होती. आठवडाभर सूर्य नाही. आणि एकामागून एक तीन घाणी पाण्यावर नापास झाल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. मॅनेजर बोबडे साहेबांनी थेट फुलसिंगकाकाला पकडलं. काका औषधाच्या केटलवर, म्हणजे औषध कालवायच्या मोठ्या बंद टाकीवर. महागावकडच्या तांड्यातला माणूस, वरच्या झाकणाचे नट तो असे आवळायचा की दुसऱ्याला उघडायला पान्याला पाइप लावावा लागायचा. बोबडे साहेब म्हणाले, "झाकण उघडं टाकून हा बिडी ओढायला गेला असन. पावसाची शितोड आत गेली." काका पहिल्यांदा नाही म्हणाला. दुसऱ्या घाणीला त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. तिसऱ्या घाणीला म्हणाला, "राह्यलं असन, साहेब. मशीन कायले खोटं बोलन."

हे मला फार लागलं. कारण काकाचा बाप म्हातारपणी सगळं विसरला होता. लेकरांची नावं विसरला, जेवलो की नाही ते विसरला, शेवटी तांडा सोडून भलतीकडेच निघून जायचा. काका डब्याच्या वेळी मला हळूच म्हणाला, "घनश्याम, मी झाकण लावतो, खाली उतरतो, अन् मंग पुन्हा वर जाऊन पाह्यतो लावलं का. लावलेलं राह्यते. तरी घाण खराब होते. बापाचं मले लागलं का रे?" मी म्हटलं, काही लागलं नाही, भात खा. दुसरं काय म्हणणार. पण मशीनच्या आकड्यापुढं माझ्या म्हणण्याला काय किंमत?

मालक दुसऱ्या दिवशी येणार होते. काकाचा राजीनामा टाइप होऊन साहेबाच्या टेबलावर पडला होता, सही तेवढी बाकी. मालकासमोर ती होणार होती.

मालक यायच्या त्या सकाळी मी आलो तर दीपमाला आधीच हजर. चप्पल चिखलानं भरलेली, केस ओले. मशीनसमोर उभी राहून नख कुरतडत होती.

"फॅक्टर पुन्हा उतरला," ती म्हणाली.

फॅक्टर म्हणजे त्या पिवळट औषधाचा जोर. त्याचा एक थेंब किती पाणी खातो, ते आधी ठरवावं लागतं, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. त्यासाठी विकत मिळतं पाण्याचं स्टँडर्ड. काचेच्या कुपीत बंद द्रव, पाणी नेमकं किती ते कुपीवर लिहिलेलं. कुपी फोडायची, सिरिंज त्याच द्रवानं एकदा खळबळून घ्यायची, मग भरायची, वजन करायची, भांड्यात टोचायची, रिकामी सिरिंज पुन्हा वजन करायची. दोन वजनांतला फरक म्हणजे आत गेलेलं स्टँडर्ड. तिनं माझ्यासमोर हे तीनदा केलं. तिचे हात इतके चळवळे, पण सिरिंज धरली की दगडासारखे स्थिर.

तिन्ही आकडे एकमेकांना चिकटून आले. तेवढ्यात बोबडे साहेब आत आले, डोकावून म्हणाले, "जुळले ना तिन्ही? मंग मशीन ठीक हाय. जुनं औषध हाय, पावसात जोर उतरतेच. रिपोर्टवर सही कर अन् मोकळी हो."

"सर, हे जुनं नाई. आज सकाळीच सीलबंद बाटली फोडली," दीपमाला म्हणाली. "याच लॉटची बाटली उन्हाळ्यात फोडलती, तिचा फॅक्टर याच्यापेक्षा मोठा होता. बंद बाटलीतलं औषध कसं उतरन?"

"मंग तुझं वजन चुकलं असन."

"तीनदा सारखंच चुकलं?"

साहेबांना उलट बोललेलं चालत नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि ते निघून गेले. मीही वैतागलो. म्हटलं, "दीपमाला, कायले नसती भानगड अंगावर घेतं? तुझी नोकरी अजून टेम्पररी हाय."

तिनं मशीनच्या पडद्याकडं बोट केलं. तिथं एक आकडा सारखा हलत होता. ड्रिफ्ट. भांड्यात आपण काहीच घातलं नाही, तरी दर मिनिटाला किती पाणी आत येतंय आणि मशीन गुपचूप किती खातंय, त्याचा तो आकडा. उन्हाळ्यात तो अगदी बारका असायचा. आता कितीतरी पटीनं फुगलेला.

"तो वाढला की मशीन चालूच होत नाई," ती म्हणाली. "म्हणून सरांनी मागल्या आठवड्यात त्याची मर्यादा वाढवून द्याले लावली. मी देल्ली."

"पण मशीन ड्रिफ्ट वजा करते ना? साहेबच सांगत होते."

"करते. पण नागपूरच्या इंजिनियरनं बसवताना जो आकडा टाकलता, तोच करते. तवाचा. आताचा नाई." ती आता खोलीत येरझारा घालू लागली. "स्टँडर्डमध्ये पाणी भरपूर असते, त्याच्यात बाहेरचं उलसक मिसळलं तर फॅक्टर थोडासाच उतरते. पण आपल्या औषधात पाणी असते कितीसं? चिमूटभर. त्याच्यात बाहेरचं तेवढंच मिसळलं का घाण नापास."

मला अर्धं कळलं. मी म्हटलं, "म्हणजे आतलं भांडं ओलं राह्यलं असन. धुतलं होतं ना परवा?"

"तेच पाह्यचं हाय," ती म्हणाली. "घरात पाणी सांडलं तर एकदा पुसलं का संपते. छप्पर गळत असन तर पुसतच राहा लागते. काहीच न घालता हा आकडा पाहू. खाली आला तर सांडलेलं. नाई आला तर छप्पर."

आम्ही पाहत बसलो. म्हणजे मी बसलो. ती उभीच. आकडा खाली यायचं नाव घेईना. बाहेर पावसाची सर जोरात आली तशी आणखी थोडा चढला. औषधातलीच काही रासायनिक खोड असती तर नमुना घातल्यावर चढला असता. इथं नमुना घातलेलाच नव्हता. भांड्याला कुठंतरी भोक होतं आणि जुलैची सगळी हवा त्यातून आत येत होती.

मग तिनं एकेक जागा धरली. आधी वरचं रबरी बूच, त्याला सेप्टम म्हणतात, त्यातूनच सुई टोचतात. काढून उजेडात धरलं तर सुया टोचून टोचून चाळणी झालेली. नवं लावलं. ड्रिफ्ट थोडं उतरलं आणि तिथंच अडलं. मी म्हटलं, "सापडलं की." ती म्हणाली, "नाई. एवढ्यानं घाण नापास नाई होत." मग काचेचे सांधे पुसून ग्रीस लावलं. काही फरक नाही. मग औषध पडायची नळी काढली, टोक तपासलं, बसवली. काही नाही. चहा आला तो तसाच निवला.

शेवटी राहिली ती वाळवणनळी. भांडं अगदी हवाबंद ठेवता येत नाही, आत दाब कमीजास्त होतो. म्हणून एक नळी बाहेर उघडी असते आणि तीत बारीक पांढरे मणी भरलेले असतात. येणाऱ्या हवेतली ओल ते मणी शोषतात. तिनं ती नळी उपसली आणि त्या जागी घट्ट बूच मारलं, थोड्या वेळापुरतं.

ड्रिफ्ट उतरू लागलं. आमच्या डोळ्यांदेखत, उतरतच गेलं. उन्हाळ्याच्या आकड्यापाशी येऊन थांबलं.

मला वाटलं पोरगी आता नाचेल. ती मटकन स्टुलावर बसली, पर्सवरच. मी तिला बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हातात ती नळी.

"लालीबाई कुठं हाय?" तिनं विचारलं.

लालीबाई आमची काचसामान धुणारी. ती हात पुसत आली. दीपमालानं नळी दाखवली. "हे मणी आपण मे महिन्यात वाळवले होते ना?"

"व्हय मॅडम. तुमीच सांगतलं होतं, गच्चीवर वाळू घाला म्हणून. परातीत पसरले, वरून मलमलचं फडकं बांधलं, पाखरं नको म्हणून. आमच्या पापडांहून जपले."

मग मला सगळं समजलं. हे मणी तीनशे डिग्रीवर भाजावे लागतात, तेव्हाच त्यांच्या पोटातलं पाणी निघतं. आमच्या लॅबच्या ओव्हनची तेवढी ऐपत नाही. बॉयलरच्या कोळशाची राख तपासायची भट्टी आहे, पण तिची कॉइल मेमध्ये जळाली होती. नवे मणी मागवले तर अकोल्याहून उत्तर नाही. आणि मे महिना, यवतमाळचं ऊन, पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसतो. तुळसाबाईनं जन्मभर कुरडया, सरगुंडे, वड्या याच उन्हात वाळवल्या. पोरीला वाटलं, या उन्हात काय वाळत नाही? मणी वाळले नाहीत. दिवसभर उघड्या हवेतली ओल पीत बसले. मे महिन्यात हवेत ओल ती किती, म्हणून तेव्हा कळलं नाही. झड लागली आणि त्या भरलेल्या मण्यांतून ओल सरळ भांड्यात उतरू लागली.

"भैताड हायस तू," मी ओरडलो. खरंच ओरडलो. "बीएस्सी केलं अन् मणी पापडासारखे वाळवले?"

"व्हय," ती म्हणाली. एवढंच.

राग ओसरला तशी माझी अक्कल चालू लागली. मी दार लोटलं. म्हटलं, "ऐक. भट्टी आता दुरुस्त झाली हाय. मणी भाजून घे, गप भर. साहेबांना सांग सेप्टम फाटलं होतं. रबर फाटतेच, त्याच्यात कोनाचा गुन्हा? काका बी वाचन, तू बी वाचशील."

ती उठली आणि पुन्हा चालू लागली. खिडकी, दार, खिडकी. मला माहीत होतं तिच्या डोक्यात काय चाललंय. मारेगावची आई, विहारातला तो सत्कार, दर महिन्याची मनीऑर्डर. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हण, हो म्हण.

"पहिल्या घाणीनंतर सेप्टम बदललंच होतं, घनश्यामभाऊ," ती म्हणाली. "सरांच्या समोर. मंग दुसरी अन् तिसरी कशी नापास झाली म्हणतीन. काका पुन्हा अडकन." थांबून म्हणाली, "मले लय भेव वाटून राह्यलं." आणि मणी घेऊन भट्टीकडं निघाली.

मणी तीनशेवर तापलेल्या भट्टीत गेले. ते भाजून, ओल न शिरणाऱ्या बरणीत बंद करून थंड होईपर्यंत दुपार गेली. तिनं अन्नाचा कण घेतला नाही. मालकांचा फोन आला की अडाणच्या पुलावर पाणी आहे, उशीर होईल. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या नदीचे आभार मानले. मणी नळीत भरले, नळी बसवली. ड्रिफ्ट बारकं आलं आणि बारकंच राहिलं. वजा करायचा जुना आकडा काढून तिनं आताचा टाकला, मर्यादा पहिल्यासारखी केली. पुन्हा स्टँडर्डची कुपी फोडली. फॅक्टर उन्हाळ्याच्या फॅक्टरला जाऊन भिडला. मग तिन्ही घाणींचे राखून ठेवलेले सीलबंद नमुने काढले. पहिला पास. दुसरा पास. तिसऱ्याला तिनं सिरिंज टोचली आणि डोळे मिटून घेतले. आकडा मी वाचला. पास.

मालक आले ते वैतागलेलेच, पँटला चिखल. साहेबाच्या केबिनमध्ये काका भिंतीला टेकून उभा, राजीनामा टेबलावर, त्यावर पेन. दीपमाला रिपोर्ट घेऊन आत गेली. बोलावलं नव्हतं तरी मी मागून गेलो.

तिनं सगळं सांगितलं. गच्चीसुद्धा. एक शब्द गाळला नाही. लालीबाईचं नाव घेतलं नाही, "मी वाळवले" म्हणाली. मर्यादा वाढवायची गोष्ट आली तशी बोबडे साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. ती म्हणाली, "मर्यादा माझ्या हातानं वाढली, सर."

मालक रिपोर्ट उलटासुलटा करत राहिले. तिन्ही घाणींचा माल पॅक होऊ शकतो, हे ऐकून त्यांचा चेहरा सैल पडला. तरी दीपमालाकडं पाहून म्हणाले, "महिना संपला की हिशेब घेऊन जा. अशी माणसं मला परवडत नाहीत." ती "बरं" म्हणाली. माझ्या तोंडाशी घाणेरडी शिवी आली होती, ती मी गिळली. राजीनाम्याचा कागद मालकांनी चुरगळून टोपलीत टाकला आणि काकाला म्हणाले, "जा, कामावर जा."

काका गेला नाही. त्याला काही कळलेलं दिसत नव्हतं. मशीन, मणी, ड्रिफ्ट, सगळं त्याच्या डोक्यावरून गेलेलं. आम्ही बाहेर आलो तर तो आमच्या मागं मागं आला. व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे येत होते. रुमाल दोन्ही हातांत पिळत तो दीपमालासमोर उभा राहिला.

"मॅडम, येक इचारू?"

"विचारा ना, काका."

"मंग त्या दिवशी झाकन मी लावलं होतं?"

"लावलं होतं, काका. तिन्ही दिवस लावलं होतं."

"मले आठवते ते खरंच झालं होतं?"

"खरंच झालं होतं."

काका खाली बसला, ओल्या फरशीवरच, आणि रुमालात तोंड घालून लहान लेकरासारखा रडायला लागला. "घरी मी बायकोले सांगून ठेवलं होतं," तो रडता रडता म्हणाला, "मी निघून गेलो तं मले शोधू नको म्हणून."

दीपमाला त्याच्याजवळ फरशीवर बसली. कितीतरी वेळ बसली, आणि एकदाही उठली नाही.